मुंजीची १४० पाकिटं आणि एक नावाची पाटी – कामाच्या नोंदी

१६ मार्च

आत्याच्या सोसायटीतल्या वहिनींचा फोन आला, मुलाची मुंज ११ मेला पार्ल्यात, पत्रिका छापून आल्या आहेत पण पाकिटांवरची नावं त्यांना हाताने लिहून हवीत. "तुझं अक्षर मी बघितलंय गं, आत्याच्या साठीला तू बोर्ड लिहिला होतास." एकूण १४०. शिवाय आजोबांना मुंजीच्या दिवशी द्यायला नावाची सागवानी पाटी, पण ती नंतर, आधी पाकिटं.

आजवर मी जे काही केलं ते म्हणजे शाळेत फळ्यावर सुविचार आणि ऑफिसात कोणाच्या फेअरवेलला कार्ड. म्हणजे अक्षर सुंदर आहे एवढंच भांडवल. १४० पाकिटं एकसारखी लिहायची म्हटल्यावर पोटात गोळा आला, पण हो म्हणून टाकलं आणि १२ एप्रिलपर्यंत देते असंही बोलून बसले.

१८ मार्च

पाहुण्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, एक्सेलची फाईल, आणि सगळी नावं इंग्रजीत. पहिला तास नुसता हेच बघण्यात गेला. Kale म्हणजे काळे, Dalvi म्हणजे दळवी, Patankar म्हणजे पाटणकर, हे आपल्याला न विचारता कळतं, त्याला काही लागत नाही. पण Gole? गोळे की गोले? Kane हे काणे की काने? Dhole? या तीन जागी मला कितीही खात्री वाटली तरी अंदाज करायचा नाही असं ठरवलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ळ आणि ल, ण आणि न एकत्र मिसळून जातात, आणि ज्याचं आडनाव आहे त्याला पाकीट हातात घेतल्या घेतल्या पहिलं तेच दिसतं.

यादीला शेजारी एक नवा कॉलम केला, सगळी १४० नावं देवनागरीत टाईप केली आणि वहिनींना उलट पाठवली, म्हटलं तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला. अकरा दुरुस्त्या आल्या. त्यात ढोले चूक, ढोळे बरोबर, आणि एका ठिकाणी "श्री. व सौ." नको फक्त "श्रीमती" हवं होतं, ते मला कधीच कळलं नसतं.

एक कुऱ्हाडे आहेत. टाईप करताना माझ्याकडून साधा र जोडला गेला आणि ह च्या डोक्यावर रफार बसला, कुर्हाडे असं काहीतरी. ते हवं तसं दिसायला ऱ हे नुक्तावालं अक्षर घ्यावं लागतं:

```
ऱ + ् + ह = ऱ्ह
```

हाताने लिहिताना कीबोर्डचं लफडं नाही, पण यादीत चुकीचं असेल तर लिहिणाराही यादीच बघून लिहितो. आठवड्याभराने यावरून पुढची गंमत झाली, ती खाली आहे.

२० मार्च

वहिनींनी गिरगावातल्या खाडिलकर रोडवरून हँडमेड कागदाची १६० पाकिटं आणली आहेत, क्रीम रंगाची, ७ बाय ५ इंच, बाजूला कागदाचे धागे दिसतात अशी. १४० नावांना १६० पाकिटं, वीस जास्तीची. म्हटलं बास झाली. (नाही झाली, जवळपास संपली.)

माझ्याकडे घरात होत्या त्या चार गोष्टी घेऊन एका पाकिटाच्या आतल्या बाजूला चाचणी केली. फाउंटन पेनची लाल शाई तर सरळ फुटली, अक्षराच्या कडेला केसं उगवल्यासारखी. कॅलिग्राफीची म्हणून आणलेली काळी शाई कमी फुटली पण कडा मऊच. मार्कर पेन आरपार. आणि शेवटी पाण्यात कालवलेला पोस्टर कलर, तो मात्र वर बसला, कडा कापून काढल्यासारखी.

कारण असं की हँडमेड कागदाला गिरणीच्या कागदासारखं सायझिंग नसतं, किंवा फार कमी असतं. सायझिंग म्हणजे कागदाला पाणी शोषू न देणारा लेप. तो नसला की कापसाचे धागे शाई वातीसारखी ओढून नेतात. पेनच्या शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, म्हणून तो पाण्याबरोबर धाग्यात पळतो. पोस्टर कलरमध्ये रंगाची पूड असते, पाणी आत गेलं तरी पूड वर अडकून राहते.

कागद कसला आहे हे बघायची सोपी पद्धत म्हणजे कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब फुगून बसला तर लिहा कशानेही. पाच-सहा सेकंदांत पसरून गडद डाग झाला, तर पातळ शाई विसरा. आपला थेंब तीन सेकंदांत गेला.

२२ मार्च

रंग ठरला, कुंकवाच्या जवळचा लाल, म्हणजे लालमध्ये थोडा तपकिरी. पण पोस्टर कलर बोरूने लिहायला घेतला तर पहिली रेघ फाटकी आली आणि दुसरी आलीच नाही. घट्ट झाला होता. पाणी वाढवलं तर परत केसं. शेवटी जे जमलं ते असं: वाटीत चमचाभर रंग, दूध असतं तितका पातळ होईपर्यंत पाणी, आणि त्यात गम अरेबिकचे चार थेंब. गमाने रंग कागदाला धरून राहतो आणि निबवरून एकदम घरंगळत नाही. सासूबाई म्हणाल्या लाडवातला डिंक आहे की घरात, तो का नाही घालत. त्यांना म्हटलं वीस थेंब करून बघू, पण आज नको.

प्रमाण बरोबर आहे की नाही ते रेघेच्या सुरुवातीवरून कळतं. घट्ट असेल तर रेघ सुरू होताना तुटक, मध्ये मध्ये कागद दिसतो. पातळ असेल तर रेघेच्या शेवटी जिथे हात उचलतो तिथे थेंब साचतो आणि वाळल्यावर तिथेच गडद ठिपका उरतो. आणि उन्हाळ्यात वाटी उघडी ठेवली तर अर्ध्या तासात रंग घट्ट होतो, त्यामुळे प्रत्येक दहा पाकिटांनंतर दोन थेंब पाणी, हा नियमच करून टाकला.

२३ मार्च

आज फक्त बोरू. बोरू म्हणजे नळासारख्या काडीचं तोंड तिरकं कापून, मध्ये चीर देऊन केलेलं पेन. माझ्याकडे दोन विकतचे आहेत, एक स्टीलचं रुंद निबचं पेन. इंग्रजी कॅलिग्राफीचे व्हिडिओ बघून मी स्टीलचं पेन जसं धरत होते तसं देवनागरी लिहिलं की अक्षर परकं दिसायचं आणि का ते कळत नव्हतं. काहीतरी अडतंय एवढंच.

आज शेजारी शेजारी लिहून बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजीत निबची धार वर-उजवीकडून खाली-डावीकडे अशी असते, म्हणून डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड आणि उलटी रेघ बारीक. देवनागरीच्या परंपरागत बोरूत धार बरोबर उलटी, म्हणजे वर-डावीकडून खाली-उजवीकडे. त्यामुळे आपल्याकडे उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड होते, आणि र ची शेपटी जी खाली उजवीकडे जाते ती बारीक होत जाते. दांड्याचं खालचं टोकही तिरकं कापलेलं येतं, उजवी बाजू थोडी खाली लोंबते. हे टोक एकदा दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं, पोथीत, जुन्या पत्रांत, देवळावरच्या पाटीवर.

हे साध्या सरळ निबने करायचं तर मनगट विचित्र वळवावं लागतं, किंवा कागद फिरवावा लागतो. मी सरळ बोरूचं तोंड दुसऱ्या बाजूने कापलं. पहिला कापताना चीर वाकडी गेली, काडी फेकली. दुसरा जमला. धार १.५ मिलिमीटर झाली, अक्षराची उंची शिरोरेषेपासून खालपर्यंत पाच धारा, म्हणजे साडेसात मिलिमीटर. २ मिमीने लिहिलं असतं तर "श्री. व सौ. चंद्रशेखर" आणि पुढे लांब आडनाव पाकिटात मावलंच नसतं, ते आधीच कागदावर मोजून बघितलं.

मराठी ल बद्दल एक वेगळा वाद माझ्या डोक्यात होता, दोन पाकळ्यांचा ल लिहायचा की हिंदीसारखा दांड्याचा. पत्रिका मराठी आहे, घर मराठी आहे, पाकळ्यांचा. संपला वाद.

२५ मार्च

वर म्हटलेली गंमत. वहिनींच्या दिरांनी, म्हणजे वहिनींनी त्यांना पाठवलं असणार, यादी "नीट करून" परत पाठवली, आणि त्यात कोणीतरी कुऱ्हाडे बदलून कुर्हाडे केलं, कारण त्यांच्या फोनवर ऱ दिसत नव्हता. मी ती यादी प्रिंट काढून समोर ठेवली आणि डोळे मिटून लिहीत गेले. चाचणीच्या पहिल्या पाच पाकिटांतच ते होतं. घरी नवऱ्याने वाचलं, "हे कुर-हाडे आहे का?" हे एक पाकीट वाया गेलं. वहिनींना फोन केला की फायनल यादी एकच, माझ्याकडची, बाकी कोणी हात लावायचा नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, दिरांना कॉम्प्युटर येतो, हाच प्रॉब्लेम."

२९ मार्च

खरं काम आज सुरू. तयारी म्हणून एक कार्डशीट पाकिटाच्या आत घालायची, त्याने दोन कामं होतात. एक तर मागची चिकटवलेली घडी जिथे येते तिथे कागदाला गाठ असते आणि बोरू त्या गाठीवर अडखळतो, कार्ड घातलं की पृष्ठभाग सपाट. दुसरं म्हणजे त्या कार्डवर काळ्या पेनने दोन आडव्या रेघा मारल्या, खाली एलईडीचा ट्रेसिंग पॅड ठेवला की क्रीम कागदातून त्या रेघा पुसट दिसतात. पेन्सिलने रेघा मारून नंतर खोडायचा ताप वाचला. हँडमेड कागदावर खोडरबर जोरात फिरवला की धागे उठतात, हे पहिल्या चाचणीत कळलं होतं.

शिरोरेषेचा प्रश्न मात्र दिवसभर पुरला. शाळेत अक्षर आधी आणि शेवटी वर पूर्ण शब्दाला एक रेघ, अशी सवय. ओल्या रंगावर तशी लांब रेघ ओढली की प्रत्येक दांड्याच्या डोक्याशी बोरू ओला रंग उचलतो आणि पुढच्या अक्षरावर सोडतो, रेघेवर माळेतल्या मण्यांसारखे ठिपके येतात. मोडीत आधी रेघ ओढून घ्यायचे आणि मग अक्षरं तिला टांगायचे, ते करून बघितलं. रेघ सुकेपर्यंत थांबावं लागतं हा तोटा, आणि दुसरं म्हणजे रेघ आधी आली की अक्षरांतलं अंतर बदलायची सोय राहत नाही, "सौ" जरा जास्त फुगला तर पुढचं सगळं दाटतं.

शेवटी तिसरा मार्ग जमला: प्रत्येक अक्षराने आपली शिरोरेषा स्वतः आणायची, आधी अक्षर मग त्याची छोटी रेघ, आणि पुढच्या अक्षराची रेघ मागच्यावर अर्धा मिलिमीटर चढवायची. एवढ्या छोट्या सांध्यावर रंग साचत नाही आणि हाताला अंतराची सोय राहते. लांबून एकसंध रेघ दिसते, जवळून बघितलं तर सांधा दिसतो, तो मला आवडलाच.

आज २२ झाली, त्यातली तीन वाया. वेळ सरासरी सात मिनिटं. १४० ला गुणलं तर ९८० मिनिटं, म्हणजे सोळा तासांच्या वर, शिवाय रंग कालवणं, धुणं वेगळं.

३० मार्च

सकाळी १८ लिहिली आणि दुपारी बघते तर शेवटच्या सातांच्या खालच्या ओळीत अक्षरं तुटली आहेत. रंग तोच, बोरू तोच. डावीकडे चांगलं, उजवीकडे खाली रंग धरतच नाही, जणू कागदाला मेण लावलंय. अर्धा तास रंगावर संशय घेतला. मग लक्षात आलं की पहिली ओळ लिहिताना हाताचा तळवा जिथे टेकतो, बरोबर तिथेच तुटतंय. पंखा बंद ठेवला होता, नाहीतर पाकिटं उडतात, दुपारचं ३४ डिग्री, आणि तळव्याचा घाम आणि तेल कागदात जाऊन बसलं. तेलकट जागेवर पाणी धरत नाही.

उपाय साधा आहे पण आधी सुचला असता तर सात पाकिटं वाचली असती. तळव्याखाली एक टिपकागदाचा तुकडा ठेवायचा, हाताबरोबर सरकवत न्यायचा, आणि प्रत्येक पाकिटाआधी हात कोरड्या फडक्याला पुसायचे. सात पैकी तीन वाचली, हलक्या हाताने मऊ खोडरबर फिरवून आणि तुटक जागा बारीक ब्रशने भरून. चार गेली. एसीमध्ये लिहिलं तर बरं, पण आमचा एसी बेडरूममध्ये आणि टेबल हॉलमध्ये.

आत्तापर्यंतचा हिशोब, १६० पाकिटांपैकी आठ वाया, त्यात दिरांचं एक. घरात वाढीव बारा उरली.

५ एप्रिल

आज ३१ झाली. वेळ आता सरासरी साडेचार मिनिटांवर आला आहे. हात वेगाने चालतो म्हणून नाही, तर यादीची मांडणी बदलली म्हणून. एकसारखी सुरुवात असलेली नावं एकत्र लावली, "श्री. व सौ." वाले सगळे एकामागोमाग, मग "श्रीमती", मग "कु." आणि "चि." वाले. हाताला तीच हालचाल लागते आणि श्री ची वेलांटी पंचविसाव्या वेळी पहिल्यापेक्षा बरी येते. नातेवाईकांच्या यादीत मात्र हा क्रम बिघडतो, म्हणून प्रत्येक पाकिटाच्या मागे पेन्सिलने बारीक नंबर लिहिते, यादीतला अनुक्रमांक, शेवटी परत लावायला.

तिसाव्याच्या आसपास अक्षर चपटं व्हायला लागतं. वर्तुळ असलेली अक्षरं, ठ, ढ, द, ही पहिली पडतात, पोट दबतं. ते दिसलं की उठायचं. अजून पाच लिहू असं म्हटलं की त्या पाचातली दोन वाया जातात, आज तेच झालं.

६ एप्रिल

पत्ते. १४० पैकी ३८ पोस्टाने जायची, बाकी हाताने वाटायची. त्या ३८ वर पूर्ण पत्ता आणि पिन. पत्त्याला १ मिमीची धार घेतली, पण पिनचे आकडे मात्र मी इंग्रजी लिहिले, साधे, वळणं न देता. पोस्टात माणसाने आणि यंत्राने दोघांनीही न अडखळता वाचले पाहिजेत, तिथे कलाकारी नको.

मग डोक्यात आलं की पोस्टर कलर पाण्याने निघतो. बोट ओलं करून एका वाया गेलेल्या पाकिटावर फिरवलं, "सौ" चं "सां" झालं. पोस्टमनच्या पिशवीत घामेजला हात लागला तर? अ‍ॅक्रिलिक शाईने परत लिहायची तयारी नव्हती. पांढरी मेणबत्ती घेतली आणि वाळलेल्या अक्षरांवर अगदी हलकी आडवी फिरवली, वर कागद ठेवून हाताने दाबून गुळगुळीत केली. आता ओलं बोट फिरवलं तर थेंब गोळा होऊन घसरतो. जास्त दाब दिला तर मात्र अक्षर चकाकतं आणि कागद डागाळल्यासारखा दिसतो, म्हणून पाच वाया गेलेल्यांवर हात बसवून घेतला.

१० एप्रिल

शेवटची दोन आज रात्री पावणेबाराला. एकूण वाया सतरा, उरली तीन. नवऱ्याला यादी वाचायला बसवलं, मी पाकिटं बघत होते. ज्याने लिहिलं त्याने तपासू नये, आपल्याला आपण लिहायचं ठरवलेलं दिसतं, लिहिलेलं दिसत नाही. दोन सापडली, एकात "सौ." मधला टिंब नाही (तो भरला), आणि एकात "गोले". वहिनींकडून गोळे असं ठळक करून आलं होतं आणि मी तरी ल काढला. एक तीनांतलं त्याच्यावर गेलं. उरली दोन.

पैसे २५ रुपये पाकिटाप्रमाणे ठरले होते, ३५००. लिहायला, परत लिहायला, तपासायला मिळून वीस तास नक्की गेले. रंग, बोरू मिळून ४०० च्या आत. पत्ते लिहिलेली ३८ वेगळ्या दराने घ्यायला हवी होती, ते आता म्हणून उपयोग नाही.

१९ एप्रिल

पाटी. सुताराने १२ बाय ५ इंचाची सागाची फळी आणून दिली, रंधून. मजकूर: वर आडनाव "कुऱ्हाडे" (हो, तेच, आजोबा कुऱ्हाडेच), खाली लहान अक्षरात दोघांची नावं. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये लावायची, जिन्यावरून येणारा माणूस साधारण दहा-बारा फुटांवरून वाचणार, म्हणून आडनावाची अक्षरं ४५ मिमी ठेवली. पाकिटावर बोरू एका फटक्यात अक्षर काढतो, इथे तसं नाही, आधी कागदावर बोरूने लिहून, त्याची झेरॉक्स मोठी करून, ती फळीवर उतरवून, ब्रशने भरायचं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं लहानपणी पेपरात बघितल्याचं आठवतं, एकेका शब्दाचा चेहरा वेगळा. मला त्यातला एक धडा एवढाच घ्यायचा होता की शब्द आखून घ्यायचा. ऱ चा तो चंद्रकोरीसारखा आकार ह ला किती जवळ घ्यायचा यावरच एक संध्याकाळ गेली. दूर ठेवला तर तो स्वल्पविरामासारखा दिसतो, जवळ घेतला तर ह त अडकतो.

२० एप्रिल

उरलेल्या सागाच्या तुकड्यावर आधी चाचणी केली, हे मी पाकिटांमधून शिकले. उघड्या लाकडावर अ‍ॅक्रिलिक रंग लावला तर तो रेषांच्या दिशेने पळाला, कागदावर शाई फुटते तसाच, फक्त इथे एकाच दिशेला, आडवा. म्हणून आधी बारीक पॉलिश पेपरने घासून, फडक्याने थिनर फिरवून (साग तेलकट असतो), त्यावर सँडिंग सीलरचे दोन हात. सुकल्यावर परत बारीक पेपर. आता रंग पळत नाही.

दुसरी चाचणी वाचवणारी ठरली. अक्षरं वाळल्यावर वरून चमक द्यायला सुताराने मेलामाईन फवारायला सांगितलं. तुकड्यावर फवारलं आणि दहा सेकंदांत "अ" चा पाय वितळून खाली ओघळला. त्यातलं थिनर अ‍ॅक्रिलिक सोडवतं. ते पाटीवर झालं असतं तर रडले असते. पाण्याच्या बेसचं वॉर्निश आणलं, मॅट, दोन पातळ हात, मधे रात्रभर. त्याने काही झालं नाही.

४ मे

पाटी तयार. कार्बन नको म्हणून झेरॉक्सच्या मागे पांढरा खडू घासून रेघा उतरवल्या होत्या, उरलेला खडू ओल्या फडक्याने निघाला. सोनेरीचा मोह झाला होता, पण सागावर सोनेरी संध्याकाळी पॅसेजच्या बल्बखाली दिसत नाही, गडद चॉकलेटी घेतला आणि कडेला पातळ क्रीम रेघ. स्क्रूसाठी दोन्ही बाजूंना २० मिमी जागा रिकामी सोडली आहे.

११ मे

मुंज झाली. आजोबांनी पाटी हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "ऱ्ह बरोबर काढला का, की आमच्या बँकेच्या पासबुकासारखा?" बरोबर होता. माझी दोन उरलेली पाकिटं वहिनींनी आहेरासाठी वापरली.

२३ जून

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोटो आला, पाटीच्या वरच्या आणि खालच्या लांब कडा भिंतीपासून पुढे आल्या आहेत, मधे खोलगट. वॉर्निश चांगलं, अक्षरांना काही नाही. मी समोर सीलर लावलं, वर वॉर्निश लावलं, आणि पाठीला काही लावलं नाही, कोण बघतंय म्हणून. पावसाळ्यात पाठ भिंतीतून ओल घेते आणि फुगते, पुढची बाजू बंद, म्हणून फळी पुढे वाकली. आजोबांना वाटत होतं स्क्रू घट्ट केला की सरळ होईल. मी म्हटलं करू नका, तडा जाईल.

काढून आणली, चार दिवस कपाटावर सपाट ठेवून वजन दिलं, एसीच्या खोलीत. बरीच सरळ झाली, पूर्ण नाही. पाठीला दोन हात सीलर, कडांनाही, विशेषतः दोन्ही टोकांच्या कापलेल्या कडांना तीन, कारण पाणी तिथूनच सगळ्यात जास्त शिरतं. आणि भिंत आणि पाटी यांच्यामध्ये स्क्रूवर प्लास्टिकची जाड वॉशर टाकली, चार मिमी जागा राहते, हवा खेळते. उद्या नवरा पार्ल्याला जातोय, तो लावून येईल.